उपासाची संध्याकाळ

सदर भागातल्या दवाखान्यात मी आहारतज्ज्ञ होते, तेव्हाची गोष्ट. वजन फार वाढलेली, चाळिशीची एक बाई यायची. मोठे डॉक्टर तिला नवऱ्यादेखत झापायचे, "जिभेवर ताबा नाही तुमचा!" आणि आठवड्याला आणखी एक उपास वाढवायचे.

एकदा मी नवऱ्याला बाहेर बसवलं आणि तिला विचारलं, खाताना थांबता येतं का?

"नाही येत, बाई. भूक नसली तरी पोट दुखेस्तोवर खाते, दार लावून. मंग लय लाज वाटते." खाल्लेलं मुद्दाम उलटून मात्र ती टाकत नव्हती.

पंधरा दिवस तिला खाणं, वेळ आणि तेव्हाचं मन लिहायला लावलं. असं खाणं दर उपासाच्या संध्याकाळी होत होतं. तिला विचारून मी ते लिहिलेलं दवाखान्यातल्या मानसोपचारतज्ज्ञांना दाखवलं. ते म्हणाले, "आधी उपास बंद, वेळेवर जेवण. लाजेचं मी बघतो."

पुढच्या खेपेला ती उपासाच्याच दिवशी आली; तिच्यासमोर मी हे सांगितलं, तर मोठे डॉक्टर हसले. "खादाडपणालाही आता मानसोपचार?"

माझं डोकंच फिरलं. त्यांच्यासमोरच मी तिला म्हटलं, "आजपासून एकही उपास नाही."

तिनं आधी डॉक्टरांकडे पाहिलं, मग दाराबाहेरच्या नवऱ्याकडे. मग हळूच मला विचारलं, "मंग मी आज जेवू?"