भिंतीपलीकडचा पत्रा

वालीवमध्ये बोल्टवर जस्ताचा मुलामा चढवणाऱ्या एका लहान कारखान्यात मी ऑफिस सांभाळते. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. बी.एस्सी.चा निकाल लागला त्याच आठवड्यात शेठनी मला कामावर घेतलं, याची जाणीव मला आजही आहे.

कारखाना म्हणजे एकच लांब गाळा. पश्चिमेच्या खिडक्यांजवळ पॅकिंगच्या बायका बसायच्या, पूर्वेच्या टोकाला ॲसिडच्या टाक्या. टाक्यांवर काम करणाऱ्यांत सर्वांत जुने ते मामा. खाडीकाठच्या गावातून सायकलवर यायचे. एका मे महिन्यात ते टाकीशेजारीच कोसळले. बायकांनी आरडाओरडा केला, डोक्यावर पाणी ओतलं, आणि मामा उठून बसले. शेठ घाबरले. म्हणाले, "पुढच्या उन्हाळ्याआधी वरचा पत्रा बदलायचा. उष्णता अडवणारी पॅनेल मिळतात, त्याची चौकशी टाक."

मी पुरवठादाराला सविस्तर मेल लिहिला. दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेलं पन्नास मिलिमीटरचं पॅनेल, फोमची घनता किती, वरचा आणि आतला पत्रा किती जाडीचा, त्यावरचा लेप कोणता, दर चौरस मीटरला की फुटाला, त्यात स्क्रू, कडेच्या पट्ट्या, वाहतूक आणि जीएसटी धरलाय का, आणि वॉरंटी किती वर्षांची. आत कोणतं काम चालतं, तेही लिहिलं.

शेठनी वाचलं आणि कपाळाला हात लावला. "अगं, आपल्याकडं सगळे 'जनरल इंजिनीअरिंग' लिहितात. ॲसिड कशाला लिहिलंस?"

"वॉरंटी विचारलीय, मग खरं सांगायला नको?"

"शिकलेल्या पोरीला कामावर ठेवलं की असं होतं," ते म्हणाले, पण मेल तसाच जाऊ दिला.

पुरवठादाराचा माणूस माप घ्यायला आला. टाक्यांपाशी पोचताच त्यानं रुमाल नाकाला लावला.

"शेठ, लेपाची वॉरंटी दहा वर्षांची आहे, पण ॲसिडच्या वाफेत ती चालत नाही. कंपनीच्या अटीतच आहे. इधर आतला पत्रा गंजणारच."

"मग तुम्ही विकता काय, उन्हाळ्याची टोपी?"

तो हसला. "एक रस्ता आहे. मधे छतापर्यंत भिंत घाला. पॅकिंगच्या बाजूला वॉरंटी देतो. पण भिंतीतलं दार बंद पाहिजे, वाफ इकडं आली नाही पाहिजे."

मामा टाकीजवळून ऐकत होते. "आनि आमच्या बाजूला काय लावनार?"

"तिकडं छताला फिरणारे पंखे लावू," शेठ म्हणाले. "एवढा पैसा घालायचा तर लेखी हमी पाहिजे, मामा. पत्रा दोन वर्षांत सडला तर मी कुणाच्या दारात जाऊ?"

मी म्हटलं, "शेठ, भिंत घातली तर खिडक्यांचा वारा तिकडं जाणार नाही."

"पंखे आहेत ना."

लेखी हमी आली, मी तिच्या अटी शेठना वाचून दाखवल्या, आणि भिंत उभी राहिली; टाक्यांच्या बाजूला नुसते पंखे लागले. पॅकिंगवर नवं छत आलं आणि दुपारीसुद्धा तिथं अंगाची लाही होईना. बायका मामांना चिडवत, "या ना मामा, आमच्या महाबळेश्वराला!" मामा पाणी प्यायला येत आणि क्षणभर छताखाली उभे राहत. मग दार आपोआप मिटावं म्हणून शेठनी त्यावर स्प्रिंग बसवली. पाण्याचं पिंप टाक्यांच्या बाजूला नेलं.

"बाय," मामा मला म्हणाले, "पानी प्यायला येत होतो तेवढाच वारा लागत होता."

मी शेठना सांगितलं. ते म्हणाले, "अटीत लिहिलंय, दार बंद. तूच तर वाचून दाखवलंस."

एप्रिलच्या अखेरीस मामांचा जोडीदार टेम्पोतून माल उतरवायला बाहेर गेला होता. तो परत आला तेव्हा मामा जमिनीवर पडलेले होते, अंग तापलेलं आणि कोरडं. किती वेळ पडले होते ते कुणालाच सांगता आलं नाही. भिंतीच्या अलीकडे बायका गप्पा मारत डबे भरत होत्या. दवाखान्यात जीव वाचला, पण डॉक्टर म्हणाले, उष्माघात डोक्यापर्यंत गेला होता. मामांचं बोलणं गेलं. पावलं नीट पडेनात.

दोन दिवसांनी शेठनी मला बोलावलं. "पूर्वेच्या बाजूचीही ऑर्डर दे. आतल्या पत्र्याला ॲसिड सोसणारा रंग लावून."

"तिकडं वॉरंटी देत नाहीत, शेठ."

"माहीत आहे. दे."

पॅनेल बसली, वाफ ओढून घेणारी नळी बसली. मी मामांच्या घरी गेले आणि सांगितलं. ते पडवीत खाटेवर होते.

मामींनी विचारलं, "आता गार वाटते का तिकडं?"

"हो," मी म्हटलं.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. ओठ हलले, पण शब्द आला नाही. मामींनी पदरानं त्यांची हनुवटी पुसली आणि मला म्हणाल्या, "बस बाय, चहा टाकते."