तीन चिंध्या आणि एक गणवेश

विज्ञान शिकवणं सोपं आहे, असं जे म्हणतात त्यांनी मोताळा तालुक्यातल्या कापूस पिकवणाऱ्या गावात जाऊन एकदा कापसाविरुद्ध प्रयोग करून दाखवावा. मी केला. म्हणजे मी कापसाविरुद्ध काही करत नव्हते, पण गावाने तसा समज करून घेतला आणि गावाने एकदा समज करून घेतला की त्यापुढे कोणाचं काही चालत नाही.

झालं असं की, त्या वर्षी गणवेशाचं कापड ठरायचं राहिलं होतं. जुलै अर्धा सरला तरी मुलं गेल्या वर्षीच्या आखूड झालेल्या सुती गणवेशांत येत होती. शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष म्हणत होते, कापड सुतीच पाहिजे, शुद्ध सुती. त्यांना सगळं गाव आबा म्हणायचं, म्हणून मीही म्हणायचे. आबांनी जन्मात सुतीशिवाय काही अंगाला लावलेलं नव्हतं आणि ते तसं दर बैठकीत सांगायचे. बाकीच्या सदस्यांना टेरिकॉट, म्हणजे पॉलिस्टर मिसळलेलं सुती, हवं होतं, पण आबांसमोर बोलायची छाती कोणाची नव्हती.

बोलली ती त्यांची नात. माझ्या सातवीच्या वर्गात होती. पहिल्या बाकावर बसायची आणि मी एक वाक्य बोलले की तिच्याकडे दोन प्रश्न तयार असायचे. कापडावरचा धडा सुरू झाला त्या दिवशी ती उभी राहिली. म्हणाली, "मॅडम, सुती कपडा पावसात वाळतच नाही. आबाले तुम्ही सांगा ना."

"मी कशाला सांगू? तू सांग."

"मी सांगून थकली. ते म्हनतात, तुले काय समजते."

वर्गात हशा पिकला. मागच्या बाकावरून आवाज आला, "हे कापसाच्या घरची अन् कापसालेच नावं ठेवते!" त्यावर ती वळून म्हणाली, "वावरातल्या कापसाले कोन काय म्हनलं बे? अंगातल्या कापसाचं बोलून राह्यली मी." मला हसू आवरेना. पण त्यातूनच सुचलं की भांडण कशाला, प्रयोग करू. सुती, लोकरी आणि पॉलिस्टर असे तीन तुकडे घ्यायचे. कोण किती पाणी पितो आणि कोण किती लवकर वाळतो, ते सगळ्यांनी डोळ्यांनी पाहायचं. समितीची बैठक शनिवारी होती. त्याच दिवशी करायचं ठरलं. नातीने आबांना घरी जाऊन आव्हानच देऊन टाकलं.

आता तुकडे जमवायचे. पॉलिस्टरचा तुकडा शिंप्याकडे फुकट मिळाला. लोकरीसाठी मी घरून नवऱ्याचा जुना स्वेटर आणायचं ठरवलं. त्याने तो थंडीत रस्त्याकडेला बसणाऱ्या विक्रेत्यांकडून "शुद्ध लोकरी" म्हणून घेतला होता आणि पाच वर्षं त्याचं कौतुक सांगत होता. खात्री करावी म्हणून मी त्याचा एक धागा मेणबत्तीवर धरला. लोकर जळली की केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांनी चुरगळते. आमच्या धाग्याचा वितळून टणक काळा मणी झाला. म्हणजे लोकर नव्हतीच, सगळं प्लास्टिकचं खानदान! नवरा दोन दिवस बोलला नाही. धाग्याशी बोलत नव्हता की माझ्याशी, ते कळायला मार्ग नव्हता. शेवटी एका मुलाच्या घरची फाटकी घोंगडी मिळाली. तिचा धागा जाळला तर वर्गभर असा वास सुटला की मुलं नाकं दाबून बाहेर पळाली. लोकर अस्सल होती.

सुती कापड मात्र आबांनी स्वतः पाठवलं. मी सांगितलं होतं की घरातलं जुनं सुती फडकं चालेल. पण आबा तसं कसं करतील? चार माणसांपुढे कापसाची परीक्षा आणि अंगावर जुनेर? आमच्याकडे देवाला, पाहुण्याला, मानाच्या माणसाला कोरंच कापड द्यायची रीत आहे. त्यांनी मोताळ्याच्या बाजारातून कोरं मांजरपाट आणलं, हळदीकुंकवाचं बोट लावलं आणि नातीच्या हाती धाडलं. मी म्हटलं, हरकत नाही, कापूस तो कापूस.

शुक्रवारी तालीम घेतली. तिन्ही तुकडे सारख्या मापाचे कापले आणि कोरडे असताना एकेकाचं वजन केलं. मग ड्रॉपरने एकेक थेंब टाकला. पॉलिस्टरवर थेंब जरा रेंगाळला आणि पसरला. घोंगडीवर मोत्यासारखा बसून राहिला, ते मला अपेक्षित होतं. लोकरीचा धागा वरून पाण्याला हुसकावतो आणि आतून हळूहळू पितो. मग आबांच्या मांजरपाटावर थेंब टाकला. तोही बसला. नुसता बसला नाही, ऐटीत बसला. हळदीच्या बोटाशेजारी चमकत राहिला.

ज्यांच्या घरी छपरापर्यंत कापूस साठतो, ती मुलं त्या थेंबाकडे बघत होती. एक जण धावत जाऊन घरून सरकीसकट कापसाचं बोंड घेऊन आला, ते पाण्यात टाकलं, तर तेही तरंगायला लागलं! "मॅडम, कापूस पानी पेतच नाही?" त्याचा चेहरा असा झाला, जणू घरातल्याच कोणी दगा दिला होता.

नातीला हे सोयीचंच होतं. गप्प राहिली असती, तर शनिवारी आबांची पुरती फजिती झाली असती. पण तिने तो तुकडा हातात घेतला, चोळून पाहिला आणि म्हणाली, "याच्यावर खळ हाय. नवा टॉवेल तरी कुठं पानी पुसते, मॅडम? दोनचारदा धुतला की मंग पुसते."

मी हेच सांगणार होते. अगदी ओठांवर होतं. तिने आधी सांगितलं एवढंच.

विणताना धाग्याला लावलेली खळ आणि कापसाचं स्वतःचं मेण अशी दोन्ही त्या कोऱ्या कापडात होती. बोंड तरंगलं तेही त्या मेणामुळे आणि आत अडकलेल्या हवेमुळे. मग आम्ही पोषण आहाराच्या चुलीवर पातेलं चढवलं. तिन्ही कापडांचे नवे तुकडे कापले, कारण आधीच्यांवर थेंब पडून गेले होते आणि परीक्षा सगळ्यांची सारखी हवी. खळ फक्त सुतीवर, म्हणून तेवढाच तुकडा धुण्याच्या सोड्यात आणि साबणात उकळला, खळखळून धुतला आणि वाळवला. खिचडी करणाऱ्या ताई म्हणाल्या, "आजचा मेनू काय, चिंधीची भाजी?" नंतर त्या तुकड्यावर थेंब टाकला, तर पडला की नाही कळायच्या आत गडप. मुलांनी टाळ्या वाजवल्या. नातीनेही वाजवल्या. ते मला फार आवडलं.

शनिवारी सकाळची शाळा. आभाळ भरून आलेलं, हवा दमट. आबा फेटा बांधून वेळेआधी हजर. तिन्ही तुकडे पुन्हा तोलले आणि बादलीत बुडवले. घोंगडी बुडेना, तिला दाबून धरावं लागलं. सगळे सारखा वेळ ठेवले, मग टांगले, टपटप थांबल्यावर तोलले. घोंगडीचा काटा सगळ्यात पुढे गेला, तसे आबा ताठ झाले. मी समजावलं की ती मुळातच जाड आहे, तेव्हा किती पाणी प्यायली ते तिच्या कोरड्या वजनाच्या मानाने बघायचं. पैलवानाने चार भाकरी खाल्ल्या तर त्यात नवल नाही, पोराने खाल्ल्या तर आहे. तो हिशोब केल्यावर सुती पहिलं आलं, लोकर जरा मागे, पॉलिस्टर कुठल्या कुठे. आबांनी मिशीवरून हात फिरवला. "सांगतलं होतं ना? पानी पेनं म्हंजे घाम पेनं. कापूसच!"

त्यात चूक काहीच नव्हतं. पण परीक्षेचा दुसरा पेपर बाकी होता.

व्हरांड्यात दोरी बांधली, तिन्ही तुकडे सावलीत, सारख्या अंतरावर टांगले. छोट्या सुट्टीपर्यंत पॉलिस्टर खडखडीत. पाणी त्याच्या धाग्यात शिरतच नाही, फटींत अडकतं तेवढंच, मग वाळायला वेळ कशाला लागेल? सुती अजून थंडगार ओलं. घोंगडीचं तर विचारूच नका. मी हजेरीचं काम उरकायला आत गेले आणि परत आले तर सुती तुकडा दोरीच्या पार टोकाला, जिथे ढगांतून उन्हाची एक तिरीप येत होती तिथे जाऊन बसलेला. शेजारी आबा, हात मागे बांधून, झाडांकडे बघत.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात नात आली. तिने तुकडा काढला आणि जागच्या जागी लावला.

"आबा, त्याले हात लावू नका."

"म्या कुठं लावला?"

"कापूस चालत गेला काय मंग?"

सगळी शाळा हसली. आबाही हसले. पण शाळा सुटायच्या वेळी ते दोरीपाशी आले, तुकडा चिमटीत धरला आणि त्यांचं हसू गेलं.

"अजून ओला हाय?"

"पावसात रातभर बी वाळत नाही," नात म्हणाली. "रोज संध्याकाळी धुते मी. एकच गणवेश हाय अंगात येनारा."

"मंग सकाळी?"

"तसाच घालते."

"मले काऊन नाही सांगतलं?"

"सांगतलं होतं. तुम्ही म्हनले, कापूस हाय, अंगावर वाळते."

समितीचे सदस्य वर्गात जमले होते, त्यांनी हाक मारली. आबांनी तुकडा दोरीवरून काढला, बादलीत बुडवला, घट्ट पिळला आणि सदऱ्याच्या आत, छातीवर ठेवला. मग वर्गात येऊन अध्यक्षांच्या खुर्चीवर बसले.

बैठकीत आधी पिण्याच्या पाण्याच्या टाकीचा विषय निघाला, मग कुंपणाचा. आबांच्या सदऱ्यावर ओला डाग पसरत होता. एकदा त्यांच्या अंगावर शहारा आलेला मी स्पष्ट पाहिला. मला हसायला यायला हवं होतं, पण मला रडू येत होतं. नात दाराशी दप्तर घेऊन उभी होती, तिची घरी जायची लक्षणं नव्हती.

शेवटी गणवेशाचा विषय आला. सगळे आबांकडे बघायला लागले. त्यांनी सदऱ्यात हात घातला, तुकडा बाहेर काढला, दोन्ही हातांत धरून दाबून पाहिला आणि दाराकडे बघून म्हणाले, "नाही वाळत, माय."

मग माझ्याकडे वळले. "टेरिकॉट लिहा, मॅडम."