पाटीवरचं उत्तर

फोन दुरुस्त करणाऱ्या बाईला सगळी गल्ली डॉक्टरीण म्हणायची. एकोणीस वर्षं त्याच अरुंद दुकानात, त्याच टेबलावर, भिंग डोळ्याला लावून तिने संसार ओढला होता. हाताला चटपटीत, जिभेला तिखट. आपली चूक कबूल करायची म्हटलं की मात्र घशात काटा अडकायचा.

त्या दिवशी तीन वाजून दहा मिनिटांनी पेंटरकाका दारात आले. घशाच्या ऑपरेशननंतर त्यांचा आवाज गेला होता; गळ्यात दोरीने बांधलेली पाटी हीच त्यांची जीभ. त्यांनी लिहिलं, ‘कॅमेरा उलटा.’

सकाळीच तिने त्यांच्या फोनचा पुढचा कॅमेरा बदलला होता. ‘‘काका, काहीतरी दाबलं असेल तुम्ही,’’ असं म्हणत तिने आपल्या फोनवरून त्यांना व्हिडिओ कॉल लावला. तिच्या पडद्यावर काका छताला लटकले होते, टोपी खाली, हनुवटी वर. काकांचा फोन उलटा धरून पाहिला, तर कॉलने चित्रही फिरवलं आणि काका पुन्हा डोक्यावर. फोन बंद करून चालू केला, ॲप नवं करून पाहिलं. पंधरा मिनिटं अशीच पाण्यात.

काकांनी पाटी पुढे केली. ‘चारला मुलीचा कॉल. मग तिला आत नेणार.’

मुलीच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. वॉर्डात भेटायला बंदी, कॉलला पाच मिनिटं. काकांनी तिच्या लग्नाकडे पाठ फिरवली होती आणि दोन वर्षं बापलेकीत एक शब्द नव्हता, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. काल तिनेच निरोप धाडला होता: बाबांना एकदा बघायचंय.

डॉक्टरिणीने फोनचाच कॅमेरा उघडला. तिथेही काका उलटेच. म्हणजे दोष कॉलचा नव्हता. त्याच कंपनीच्या जवळच्या मॉडेलचा कॅमेरा तिने बसवला होता. खाच जुळली, तेवढ्यावर भागवलं. पण आत त्याचं भिंगामागचं चित्र टिपणारं पान उलट्या दिशेने जडवलेलं. सकाळी तपासताना फोन टेबलावर उताणा होता, पडद्यावर पांढरं छत दिसलं. छताला कसलं डोकं आणि कसले पाय.

‘‘काका, चूक माझी आहे,’’ ती म्हणाली. ‘‘चुकीचा भाग घातला मी. बसा.’’

दुसऱ्या फोनवर त्यांचं खातं उघडायचं तर कोड, पासवर्ड, आणि तेवढ्यात कॉल आला तर? तिने भंगाराचा डबा उपडा केला. नेमक्या मॉडेलचा एक फोन होता, पाण्यात पडून मेलेला. कॅमेरा जगला असेल तर नशीब. गरम हवेने पाठ सोडवली, बॅटरीची जोडणी काढली, नखाएवढा कॅमेरा चिमट्याने उचलून काकांच्या फोनात बसवला. काका अगदी समोर उभे, त्यांचा श्वास ऐकू येत होता. तीन अठ्ठावन्नला फोन उजळला. काका सरळ. कॉल आला.

पडद्यावर मुलगी, हिरव्या झग्यात, ओठ सुकलेले. ‘‘बाबा, अजून रागावलायत का?’’

काकांनी लिहिलं, पाटी धरली. कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत स्वतःची अक्षरं उजवीकडून डावीकडे उलटी दिसताच ते चरकले. भरभर पुसलं. चाळीस वर्षं दुकानांच्या काचांवर आतून उलटी अक्षरं रंगवलेला माणूस तो. क्षणात सगळं उलटं लिहून पाटी पुन्हा वर. चौकटीत आता झकास सरळ.

‘‘बाबा, कळत नाहीये,’’ मुलगी म्हणाली. ‘‘उलटं दिसतंय. बाबा, नर्स आली.’’

काका कॅमेऱ्याकडे बोट दाखवू लागले, डॉक्टरिणीकडे रागाने बघू लागले. तिने त्यांचं मनगट धरलं.

‘‘कॅमेरा ठीक आहे. काका, ऐका. ती चौकट तुमच्यापुरती, आरशासारखी. तुम्हाला उलटं दिसलं तरी तिला सरळ जातं. रोज लिहिता तसं लिहा.’’

काका तिच्याकडे बघत राहिले. आज सकाळी याच बाईवर त्यांनी भरवसा ठेवला होता आणि तिने काय केलं होतं, ते दोघांनाही ठाऊक होतं.

‘‘पाया पडते,’’ ती म्हणाली.

त्यांनी पुसलं. लिहिलं. पाटी वर धरली, आणि चौकटीत उलटी दिसणारी स्वतःची अक्षरं पाहायला नकोत म्हणून डोळे मिटून घेतले.

पलीकडे स्ट्रेचरची चाकं वाजली. मग मुलीचा आवाज आला, एकेक शब्द लावत, शाळेतल्यासारखा.

‘‘मीच... चुकलो. घरी... ये.’’