बाबांच्या आवाजाची जुनी प्रत

नागावला आमचा लग्नाच्या शूटिंगचा छोटा स्टुडिओ आहे. शूटिंग नवरा करतो, कॉम्प्युटर मी सांभाळते. सासूबाई लग्नात धवले, म्हणजे विधींची पारंपरिक गाणी, गातात. एकदा नवऱ्याने त्यांना ओटीवर बसवून सगळी गाणी रेकॉर्ड केली. सासरे शेजारीच बसले होते. त्या कुठे अडल्या की ते हळूच पुढचा शब्द सांगत.

पावसाळ्यात सासरे गेले. पुढे भाचीच्या लग्नात लावायला म्हणून नवऱ्याने ती गाणी साफ केली. कोंबड्या, खोकला, मधली कुजबुज, सगळं काढलं आणि फाईल त्याच नावाने सेव्ह केली. लग्न पार पडलं. दोन-अडीच महिन्यांनी सासूबाई म्हणाल्या, "माझी गानी लाव गो जरा."

ऐकता ऐकता त्या थांबल्या. "यांचा आवाज कुठं हाय?"

नवऱ्याला क्षणभर कळलंच नाही. कळलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. "आई, मला ती नुसती कुजबुज वाटली गं," तो म्हणाला. सासूबाई रागावल्या नाहीत. पदर सारखा करून आत गेल्या, ते मला जास्त लागलं.

ऑनलाइन बॅकअप घेताना प्लॅन मी निवडला होता. साध्या प्लॅनमध्ये खोडलेल्या फाईली आणि बदललेल्या फाईलींच्या जुन्या प्रती एकच महिना राहतात. मी वर्षभराचा घेतला, कारण लग्नवाले चार-सहा महिन्यांनी येऊन काहीतरी मागतातच. आमचं सगळं काम बाहेरच्या हार्ड डिस्कवर असतं आणि ती बॅकअपमध्ये आपोआप येत नाही, म्हणून सेटिंगमध्ये तिच्यासमोर खूण केली होती. डिस्क फार दिवस जोडली नाही तर तिच्यावरच्या फाईली खोडल्यात असं धरलं जातं, म्हणून ती अधूनमधून लावून ठेवायची सवयही होती.

मी त्या फाईलच्या जुन्या प्रती उघडल्या. भाचीच्या लग्नाआधीची एक होती. ती वेगळ्या फोल्डरमध्ये उतरवायला लावली, आताच्या फाईलवर नको म्हणून. नेट रडतखडत चाललं होतं. नवरा माझ्या खुर्चीमागे उभा राहून किती टक्के उतरलं ते बघत होता.

फाईल उतरल्यावर सासूबाईंना बोलावलं. गाणं सुरू झालं, कोंबडी ओरडली, कोणी खोकलं. एका ओळीवर त्या अडल्या आणि मागून बाबांचा आवाज आला, हलका, घाई नसलेला.

सासूबाई पुढे सरकल्या. "माहीत हाय मला," त्या स्पीकरकडे बघून लटक्या रागाने म्हणाल्या, "सांगायची गरज न्हाय." मग डोळे पुसत हसल्या, आणि नवऱ्याचा हात धरून त्याला जवळ बसवून घेतलं.