एक गिरणगावकरीण, पाहा

दादरच्या ग्रंथसंग्रहालयात मी नोकरी केली ती निवृत्त होईपर्यंत, आणि निवृत्तीनंतर तिथंच परत बसले ती सूचीसाठी. गिरगावापासून परळ-लालबागपर्यंतच्या लोकांनी लिहिलेल्या मराठी पुस्तकांची सूची करायची, असं कार्यकारिणीनं ठरवलं. समितीचे अध्यक्ष मराठीचे निवृत्त प्राध्यापक होते. आम्ही सगळे त्यांना सर म्हणायचो. काम मात्र माझ्या गळ्यात होतं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, सूची म्हणजे काय, नावं अकारविल्ह्याने लावायची की झालं. नावं लावायला कुणालाही येतात. खरा घोळ घालतात ते नाव लपवणारे. आणि आपल्या लोकांना नाव लपवायची भारी हौस. कुणी एका शब्दाचं टोपणनाव घेतो, कुणी दुसरंच आडनाव लावून नवा माणूस उभा करतो, कुणी बायकोचं नाव घेऊन लिहितो. कुणी नुसतंच ‘एक शिक्षक’ लिहून मोकळा होतो. काही तर मुखपृष्ठावर काहीच लिहीत नाहीत. एकाच माणसाची पुस्तकं अशी चार ठिकाणी विखुरली, तर वाचणाऱ्यानं शोधायची कुठं?

म्हणून पहिले काही महिने आम्ही नियमच केले. पुस्तकावर जे नाव छापलंय, तीच मुख्य नोंद. खऱ्या नावाखाली फक्त ‘पाहा’ लिहून टोपणनावाकडे बोट दाखवायचं. टोपणनाव एका शब्दाचं असेल तर जसंच्या तसं, नाव-आडनाव असं असेल तर आडनावाखाली. एका माणसाची दोन टोपणनावं असतील तर दोन नोंदी, आणि दोन्हींत ‘हेही पाहा’. ज्यावर काहीच नाव नाही ते पुस्तक त्याच्या शीर्षकाच्या पहिल्या शब्दावर. ‘श्री’, ‘सौ.’, ‘कै.’ सोडून द्यायचे, पण ‘एक’ सोडायचा नाही, कारण ज्यानं तो लिहिला त्यानं समजून लिहिला. त्यामुळे आमच्या सूचीत ‘ए’खाली एकांची ही गर्दी झाली: एक गृहस्थ, एक शिक्षक, एक दुःखी पिता. सर स्वतः तरुणपणी दुसऱ्या नावानं विनोदी पद्यं लिहायचे. त्यांनी आपणहून सांगितलं, माझीही नोंद नियमानंच करा, आणि तशीच झाली. माणूस सरळ होता. हे मला सांगायलाच हवं, कारण पुढे मी त्यांच्यावर फार चिडले.

एक नियम सांगायचा राहिला. टोपणनावामागचं खरं नाव द्यायचं ते छापील आधार असेल तरच. घरच्यांचा शब्द चालणार नाही. ह्याला कारण होतं ठाकूरद्वारचं. तिथल्या एका जुन्या निनावी प्रहसनावर दोन घराण्यांनी हक्क सांगितला. दोन नातू, दोघांचेही आजोबा लेखक, दोघेही संग्रहालयात येऊन टेबल बडवून गेले. एकानं तर मला ‘तुम्हाला काय कळतं’ म्हणून सुनावलं. तेव्हा हा नियम मीच सुचवला. अजूनही मला तो बरोबरच वाटतो. तिथंच तर माझी गोची आहे.

आईला मी कामाबद्दल सांगत असे. ती करी रोडला माझ्या भावाकडे राहायची, चाळ पाडून बांधलेल्या उंच इमारतीत. लिफ्टला घाबरायची, म्हणून खाली उतरायची नाही. मी रविवारी मासळी घेऊन जायचे. ती बांगडे साफ करताना माझ्याकडून सगळं ऐकून घ्यायची. ‘एक गृहस्थ’, ‘एक शिक्षक’ ऐकून एकदा खूप हसली. मग म्हणाली, “माझा घातलंस?”

“तुझं काय?”

“ता पुस्तक गो. गिरणगावकरणीचा.”

ते पुस्तक मला ठाऊक होतं. पातळसं, कवितांचं, लेखकाच्या जागी ‘एक गिरणगावकरीण’ एवढंच. आमच्या संग्रहालयात त्याची एक प्रत होती. मी ती वाचलीही होती. नळावरची भांडणं, गिरणी बंद पडल्यावर घरात बसून राहिलेला नवरा, त्याचा दारूचा वास, त्याच्या हातांना काम नाही म्हणून ते हात कुठं पडायचे ते. ते हात कुणाचे हे मला त्या क्षणी कळलं. बाबांना जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. चाळीत राहून नवऱ्याची अशी गोष्ट स्वतःच्या नावानं कोण छापील? तिनं कविता कागदांवर लिहिल्या आणि युनियनच्या एका कार्यकर्त्याच्या हातात दिल्या. तो स्वतः कवी होता, त्याची एका छापखान्यात ओळख होती. कागद परत आले नाहीत. पुस्तकाची तिची प्रत बाबांनी बंबात घातली.

“आता कोणाची भीती नाय,” आई म्हणाली. “माझा नाव येऊ दे. तुझ्याच हातान येऊ दे.”

तिनं आयुष्यात माझ्याकडे मागितलेली बहुधा ही एकच गोष्ट. मी हो म्हणून आले.

समितीच्या बैठकीत मी सगळं सांगितलं, आई माझी आहे हेही. सरांनी शांतपणे ऐकलं. मग त्यांनी कपाटातून त्या कवीची समग्र कविता काढली. तो कवी केव्हाच वारला होता, आणि त्याच्या एका शिष्यानं ती संपादित केली होती. प्रस्तावनेत स्वच्छ छापलं होतं की कवीनं स्त्रीच्या भूमिकेत शिरून एक पुस्तक ‘एक गिरणगावकरीण’ या नावानं लिहिलं, आणि स्त्रीमनाची इतकी खोल जाण दुसऱ्या कुठल्या पुरुष कवीत दिसत नाही. जाण म्हणे! शिष्याला गुरूच्या ट्रंकेत पुस्तकाच्या प्रती सापडल्या, आणि त्यानं गुरूला आणखी एक मूल लावून दिलं.

“सर, हे खोटं आहे.”

“असेल, बाई. पण छापील आहे.”

“आईला सगळ्या कविता पाठ आहेत.”

“पाठ तर कुणालाही करता येतात. ठाकूरद्वारच्या नातवालाही प्रहसन पाठ होतं, विसरलात?”

विसरले नव्हते. तोच नातू मला तेव्हा टेबलाच्या पलीकडे दिसत होता, आणि त्याच्या जागी मी होते. मी विचारलं, आईचं नाव निदान प्रश्नचिन्ह लावून तरी? सर म्हणाले, प्रश्नचिन्ह दोन छापील आधारांत मतभेद असेल तेव्हा. इथं आधार एकच आहे. नियम तुम्हीच लिहिलाय. आवाज चढवला नाही त्यांनी. चढवला असता तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं.

त्यांनीच वाटही सुचवली. आईंची एखादी मुलाखत कुठल्या साप्ताहिकात छापून आणा, किंवा त्यांनी स्वतःच्या नावानं नवी आवृत्ती काढावी. तेवढं झालं की नाव येईल. मी रविवारी आईला हे सांगितलं. मला वाटलं, तिला बरं वाटेल. तिनं हातातला सुरा खाली ठेवला.

“म्हंजे मी पेपरवाल्याक सांगूचा, त्येनी छापूचा, आणि मगे तू ता वाचून माझ्यावर इस्वास ठेवतलंस?”

“मी ठेवते गं. सूची नाही ठेवत.”

“सूची कोण लिवता?”

मी तो सुरा उचलून बांगडा पुढे ओढला.

“मी हय बसलंय, ता तुका पुरत नाय?”

मुलाखतीला ती तयार झाली नाही ती नाहीच. मी दोनदा विषय काढला, दोन्ही वेळा ती उठून आत गेली. हट्टी होतीच, पण हा नुसता हट्ट नव्हता. जिनं बाबांचे हात सोसले आणि ते लिहून काढले, तिनं आता ते आपलंच होतं हे सिद्ध करायला दारोदार फिरावं, हे तिला पटत नव्हतं. मलाही पटत नव्हतं. मी राजीनामा द्यायला हवा होता असं भाऊ म्हणतो. त्यानं काय झालं असतं? नोंद दुसऱ्या कुणी टाईप केली असती, तीच.

सूची छापून आली. ‘ए’खाली नोंद: एक गिरणगावकरीण. पुढे कंसात त्या कवीचं नाव. त्याच्या आडनावाखाली त्याची पुस्तकं, आणि शेवटी ‘एक गिरणगावकरीण, पाहा’. आमच्या आडनावाखाली काही नाही. प्रकाशनाला हार, शाल, पेढे सगळं झालं. तो शिष्यही आला होता. त्यानं माझं अभिनंदन केलं. मी त्याला म्हटलं, “त्या बाईला ओळखत होता का तुम्ही?” “कोणत्या बाईला?” म्हणाला. पेढा तोंडात होता त्याच्या.

आईनं सूची पाहायला मागितली नाही. मीही नेली नाही. पुढचे रविवार आम्ही भाच्याच्या लग्नाबद्दल बोललो, मासळीच्या भावाबद्दल बोललो. बांगडे तीच साफ करायची, पण माझ्याकडे न बघता. ते मला आजही सलतं. त्यानंतरच्या हिवाळ्यात ती गेली, दोन दिवसांच्या तापानं.

भावानं पेपरात छोटी दुःखद निधनाची जाहिरात द्यायला मला पाठवलं. खिडकीवरच्या माणसानं मजकूर विचारला. मी तिचं नाव, मुलं, नातवंडं सांगितली, आणि मग म्हटलं, लिहा, ‘एक गिरणगावकरीण’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या काव्यसंग्रहाच्या लेखिका. त्यानं काही विचारलं नाही. आधार मागितला नाही. दुसऱ्या दिवशी छापून आलं.

ते कात्रण मी सरांसमोर ठेवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं, तारीख पाहिली, पेपराचं नाव पाहिलं.

“मजकूर कुणी दिला?”

“मी.”

त्यांनी कात्रण टेबलावर सरळ करून ठेवलं. मग म्हणाले, “छापील आहे, बाई. घ्यायलाच हवं.”

मी त्यांच्या तोंडावर हसले. कुत्सित हसले, हे मी कबूल करते. जिवंत बाई समोर बसून सांगत होती ते चाललं नाही, आणि तीच गोष्ट तिच्या मुलीनं खिडकीवर सांगितली, ती तिच्या मरणाच्या जाहिरातीत आली, तर चालली. सरांनाही ते कळत होतं. त्यांनी कात्रण जपून पाकिटात घातलं आणि सूचीच्या पुरवणीच्या फायलीला लावलं.

पुरवणीत नोंद नियमानंच झाली. दोन छापील आधार, दोघांत मतभेद, म्हणून दोन्ही नावं, अकारविल्ह्याने. आधी त्याचं, मग आईचं, आणि दोन्हीपुढे प्रश्नचिन्ह. ती नोंद मीच टाईप केली. तिच्या नावापुढचं चिन्ह टाईप करताना माझा हात थांबला, त्याच्या नावापुढचं करताना नाही. त्यालाही लागलं ह्याचा मला आनंद झाला. थोडाच, पण झाला.

मागच्या महिन्यात कुठल्याशा कॉलेजातल्या एका मुलीचा संग्रहालयात फोन आला. गिरणगावातल्या बायकांच्या कवितेवर ती प्रबंध लिहिते आहे. पुरवणी तिनं नीट वाचली होती.

“मॅडम, पण त्या कविता नक्की कोणाच्या?” तिनं विचारलं. “तुम्हाला माहितीये का?”

सर समोरच बसले होते, मान खाली घालून. मी रोजच्या कचेरीच्या आवाजात म्हटलं, “त्याबद्दल दोन मतं आहेत.”