तिमाही आत्मपरीक्षण आणि गेटवरचा कॅमेरा

आमच्या कामोठ्यात जिन्यागणिक एक तरी क्लास आहे, आणि आमच्या जिन्यातला क्लास म्हणजे आमची बायको. नववीचं गणित, हॉलमध्ये, संध्याकाळी पाच वाजता. गेल्या जुलै ते सप्टेंबरात अर्धी बॅच गळाली आणि ती म्हणाली, "दिवाळीनंतर बंद करते. मला शिकवताच येत नाही."

मुलगी पुण्यात एका कंपनीत माणसांना सांभाळण्याचं काम करते. तिने व्हॉट्सॲपवर प्रश्न पाठवले. तिच्या ऑफिसात म्हणे दर तीन महिन्यांनी प्रत्येकजण हे वहीत लिहितो. काय घडलं? कॅमेऱ्याला दिसलं असतं तेवढंच. त्यातलं माझ्या हातात काय होतं, काय नव्हतं? हेच जवळच्या मैत्रिणीचं झालं असतं तर तिला काय म्हटलं असतं? पुढच्या तिमाहीत नेमकी कुठली एक गोष्ट बदलणार? आणि खाली ताकीद : "मी अशीच आहे" छापाचं वाक्य आलं की खोडायचं. तो धडा नाही, तो स्वतःला मारलेला फटका.

सोबत म्हणून मीही वही घेतली. माझा विषय, बाल्कनीतली वाळलेली तुळस. मित्राच्या प्रश्नाला मी लिहिलं, "अरे गाढवा, पाणी कोण घालणार?"

"बाबा, प्रेमाने लिहायचंय," मुलगी व्हिडिओ कॉलवर म्हणाली.

"आम्ही प्रेमानेच म्हणतो."

बायकोची वही तर भीषण होती. 'माझ्या हातात काय होतं'खाली पान भरलेलं, 'काय नव्हतं'खाली कोरं. एका मुलाच्या वडिलांची नागपूरला बदली झाली, तीही हिच्या हातात होती.

"बदली तू थांबवणार होतीस?"

"प्रवेश देताना विचारायला हवं होतं."

पहिल्या प्रश्नाला तिने लिहिलं होतं, 'मुलं कंटाळतात म्हणून उशिरा येतात आणि मग सोडतात.' मुलगी म्हणाली, "आई, कंटाळा कॅमेऱ्याला दिसत नाही. काय दिसलं असतं?"

बायको पेनाचं टोपण चावत बसली. हिला काही आठवत नाही, आपण मदत करावी, या सद्भावनेने मी चप्पल घालून सरळ सोसायटीच्या ऑफिसात गेलो. कॅमेरा तर आपल्या गेटवर आहेच की!

सेक्रेटरींनी अर्ज पुढे केला. "चोरी झाली?"

"नाही. आत्मपरीक्षण."

"कोणाचं?"

"बायकोचं."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. 'कारण'पुढे स्वतःच्या हाताने 'कौटुंबिक' असं लिहिलं आणि फार दुःखी नजरेने माझ्याकडे बघून सही केली.

वॉचमन इथल्याच गावातला. म्हणाला, "काका, तीन महिन्यांचं नाय मिलनार. पंधरा दिवसांच्या मागचं पुसून जातं."

"जे हाय ते दाव," मी त्याच्याच भाषेत म्हणालो. त्याला हसू आलं.

बघितलं तर काय, रोज साडेपाच होऊन गेल्यावर गेटसमोर शाळेची पिवळी बस थांबते. आमचे उरलेले विद्यार्थी उतरतात आणि घरी न जाता, दप्तरासकट, धापा टाकत आमच्याच जिन्याकडे पळतात. कंटाळलेलं मूल असं पळत नाही.

"रस्ता खणल्यापासून बस उशिराच येतं," वॉचमन म्हणाला.

मी वर येऊन सांगितलं. आधी मला अर्जाबद्दल यथेच्छ ऐकावं लागलं. मग बायकोने सोडून गेलेल्या मुलांच्या आयांना फोन लावले. नागपूरवाला सोडला तर बहुतेक सगळी त्याच बसची. एक आई म्हणाली, "मॅडम, अर्धा तास बुडायचा त्याचा. तुम्हाला सांगायला संकोच वाटला." एकीने मात्र स्पष्ट सांगितलं, दुसरीकडे मुलाला जास्त समजतं. तेही बायकोने लिहिलं, पण पुढे स्वतःला काही बोलली नाही.

मग वहीत मैत्रिणीच्या प्रश्नापुढे तिने लिहिलं : 'अगं, बस तुझ्या हातात नाही. क्लासची वेळ आहे. आणि उशिरा का येता, हे एकदा तरी विचारायचंस.' बदली कोऱ्या पानावर नेली. वहीत सगळ्यात वर लिहिलेलं 'मला शिकवताच येत नाही' दोन रेघांनी खोडलं.

"बंद नाही करत," ती म्हणाली. "एक तारखेपासून क्लास साडेसहाला."

"साडेसहाला माझ्या बातम्या असतात."

"ते माझ्या हातात नाही," ती वही मिटत म्हणाली.

हल्ली संध्याकाळी मी खाली वॉचमनच्या केबिनमध्ये बसतो. सेक्रेटरी येता-जाता खांद्यावर हात ठेवतात आणि हळूच विचारतात, "घरी आता सगळं ठीक ना?"