शेवटचा ‘नाही’

तिला सगळे मिक्सरबाई म्हणत. सिनेमाचे संवाद, संगीत आणि बाकीचे आवाज एकत्र मिसळून सिनेमाची अंतिम आवाजपट्टी करणं हे तिचं तीस वर्षांचं काम. नवीन माणसाला वाटे, बाई चटणी वाटते. ती हसून सोडून द्यायची.

या वेळी काम सोपं वाटलं होतं. वीस वर्षांपूर्वी तिनेच मिसळलेला सिनेमा आता घरबसल्या दिसणार होता आणि ऐकायला कमी येणाऱ्या वयस्कर प्रेक्षकांसाठी एक वेगळी आवाजपट्टी हवी होती. माणूस बोलत असताना मागचं संगीत आणि आवाज खाली न्यायचे, एवढंच. जुनी पट्टी तशीच राहणार, ज्याला जी हवी ती त्याने निवडायची. संवाद, संगीत, आवाज, तिन्ही वेगवेगळे जपलेले होते. तिने यंत्राला सांगितलं, बोलणं सुरू झालं की बाकीचं दाब, थांबलं की सोड. दोन दिवसांत पट्टी तयार. तरी तिचा जीव काही स्वस्थ बसेना. सगळे संवाद तिला तोंडपाठ होते, मग ती खरंच ऐकत होती की आठवत होती, कोण जाणे.

म्हणून तिने सहा वयस्कर माणसं बोलावली. एकाने आयत्या वेळी कळवलं, येत नाही. त्याच्या जागी तिने आपल्या आईला आणून बसवलं. प्रत्येकाला वही दिली, ऐकू येईल ते लिहायला.

छापखान्याचा प्रसंग आला. यंत्रांची धडधड, आणि म्हातारा बाप मुलीला म्हणतो, “ते पत्र मी लिहिलं नाही.” म्हणता म्हणता तो तोंड फिरवतो.

वह्या गोळा झाल्या. पाच जणांनी लिहिलं होतं, ‘ते पत्र मी लिहिलं.’ सहाव्याने रेघ मारली होती.

“मेला खोटारडा,” आई शेजारच्या बाईंना सांगत होती. “पहिल्यांदा थेटरात पाहिला तेव्हाच मी म्हटलं होतं. पत्र लिहून पोरीचं लग्न मोडलं आणि वर तोंड करून कबूल करतो.”

मिक्सरबाईच्या कानावर ते पडलं. वीस वर्षं आईने निर्दोष माणसाला शिव्या घातल्या होत्या, त्याही लेकीच्या कृपेने. तेव्हा छापखान्याच्या यंत्रांचा आवाज वाक्याच्या शेवटी तिनेच चढवला होता, आणि शाबासकीही घेतली होती.

लोक गेल्यावर तिने तो तुकडा दहादा लावला. खुर्चीत बसली, उठली, पुन्हा बसली. मग सापडलं. ‘नाही’ म्हणताना नटाचा आवाज इतका खाली जात होता की बोलणं संपलं असं समजून यंत्र दाब सोडत होतं. नेमकी त्याच क्षणी धडधड वर येऊन शेवटचा शब्द गिळत होती. आपल्या भाषेत नकार वाक्याच्या शेवटी येतो, हे यंत्राला काय ठाऊक?

तिने यंत्र बंद केलं आणि हाताने काम धरलं. धडधड वाक्याच्या आधीपासून हळूहळू उतरवली, शब्द पुरता संपल्यावरच सावकाश वर आणली. ‘नाही’ किंचित उचलला. असं अख्ख्या सिनेमाभर, प्रत्येक वाक्याचं शेपूट तपासत. त्यात तीन आठवडे गेले.

दिग्दर्शकाने ऐकलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. “धडधड हाच त्या प्रसंगाचा जीव आहे. तू तो काढून घेतलास.”

“जीव आहेच, जुन्या पट्टीत,” ती म्हणाली. “पण सहापैकी एकालाही सिनेमातल्या बापाचा ‘नाही’ ऐकू आला नाही.”

तिने वह्या पुढे सरकवल्या. त्याने सहाही वह्यांची पानं उलटून पाहिली. शेवटी म्हणाला, “राहू दे. पण धडधड अगदी नाहीशी करू नकोस. ऐकू तरी यायला हवी.” तिने अर्धा टप्पा वर घेतली आणि आणखी पाच अनोळखी वयस्कर माणसांना ऐकवली. पाचही जणांनी ‘नाही’ लिहिला.

मग घरी टीव्हीवर आईला तो प्रसंग दाखवला.

“अगं, मग हा बिचारा...” आई म्हणाली. “मला एवढं वाईट वाटतंय, वीस वर्षं उगाच त्याला शिव्या घातल्या.”

“आई, आणखी किती ठिकाणी असं होतं? घरी, आमच्या बोलण्यात?”

“होतं की. मी मान हलवते. सारखं काय विचारायचं?”

गेल्या कित्येक वर्षांत आईने मान हलवून कशाकशाला होकार दिला होता, ते मिक्सरबाई मनातल्या मनात आठवू लागली. दवाखान्यातलं ते, घर बदलण्याचं ते. मग तिने खुर्ची ओढून आईच्या समोर, अगदी तोंडासमोर आणली, टीव्ही बंद केला आणि सावकाश विचारलं, “गेल्या वर्षी घर बदलायचं ठरलं, तेव्हा तू काय ऐकलं होतंस?”